ताट रोज लागतं, दान अधूनमधून येतं
मोफत अन्नछत्र सुरू करण्याआधी मांडायचा हिशोब



दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती तरी गावांत घरांना कुलपं लागतात. कोयता घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. शाळेतल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय काही ठिकाणी होते. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं काय? कुणाला दिसत नाही, कुणाच्या हाताला कंप आहे, कुणी एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा करून चहा-खारीवर दिवस काढतं. म्हणून दोन-तीन ग्रामसंघांच्या बैठकीत यंदा एकच विषय निघाला: "ताई, आपण या लोकांसाठी दुपारचं जेवण सुरू करू का? फुकट."

करा, जरूर करा. पण नारळ फोडण्याआधी हा लेख एकदा बैठकीत मोठ्याने वाचा. कारण अन्नछत्र सुरू करणं अवघड नसतं, फेब्रुवारीत ते चालू ठेवणं अवघड असतं. आणि मध्येच बंद पडलेलं अन्नछत्र न सुरू झालेल्यापेक्षा वाईट. आपल्या भरवशावर म्हातारीने पीठ दळून ठेवलेलं नसतं, लेकानेही जाताना शेजारणीला काही सांगितलेलं नसतं.

आपण एक उदाहरण धरून चालू. ४० माणसं, रोज दुपारचं एक जेवण, नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने, महिन्याचे ३० दिवस. भाव मी अंदाजाने धरलेत. तुम्ही तुमच्या बाजाराचे घाला, रीत तीच राहील.

आधी ताट, मग पैसे

बजेट करताना आपण लगेच "किती पैसे लागतील" इथून सुरुवात करतो. तसं करू नका. आधी एका माणसाच्या ताटात काय पडणार ते वजनात लिहा.

आठवड्यातले चार दिवस खिचडी, तीन दिवस भाकरी आणि पिठलं किंवा डाळ-भाजी. म्हाताऱ्या माणसांना दात नसतात, त्यामुळे खिचडी मऊ हवी आणि भाकरी कालवून खाता येईल असं पातळ काहीतरी सोबत हवंच.

खिचडीच्या दिवशी माणशी तांदूळ ९० ग्रॅम. भाकरीच्या दिवशी ज्वारी १२० ग्रॅम. डाळ किंवा बेसन दोन्ही दिवशी ३० ग्रॅम, तेल १० ग्रॅम, भाजी ६० ग्रॅम. ४० माणसांचं हे झालं रोज ३ किलो ६०० ग्रॅम तांदूळ किंवा ४ किलो ८०० ग्रॅम ज्वारी, आणि १ किलो २०० ग्रॅम डाळ. पहिला आठवडाभर शिजवण्याआधी वजन करा आणि पातेल्यात किती उरलं तेही बघा. उरत असेल तर माप कमी करा, खरवडावं लागत असेल तर वाढवा. पण हाताच्या अंदाजाने टाकू नका. रोज पालीतली बाई बदलते, आणि प्रत्येकीची मूठ वेगळी असते. तांदळाचं आणि डाळीचं एकेक माप ठरवून त्या डब्यावर खूण करून ठेवा.

महिन्यात साधारण १७ दिवस खिचडीचे आणि १३ भाकरीचे येतात. निवडताना, पाखडताना थोडं जातंच, म्हणून शंभरात पाच जास्त धरू. मग महिन्याचा हिशोब असा:

- तांदूळ ६४ किलो, ४५ रुपयांनी: २,८८०
- ज्वारी ६६ किलो, ४० रुपयांनी: २,६४०
- ज्वारीचं दळण, किलोला ५ रुपये: ३३०
- डाळ आणि बेसन ३८ किलो, १२० रुपयांनी: ४,५६०
- तेल १२ किलो, १४० रुपयांनी: १,६८०
- भाजी, कांदा ७२ किलो, ३० रुपयांनी: २,१६०
- मीठ, मिरची, हळद, मसाला: ९००

एकूण १५,१५० रुपये. या यादीत एक गोष्ट बघा. तांदूळ आणि ज्वारी मिळून १३० किलो आहे, तरी त्यांचे पैसे साडेपाच हजारच होतात. डाळ आणि तेल मिळून फक्त ५० किलो, आणि त्यांनाच सव्वासहा हजार लागतात. हे लक्षात ठेवा, दानाच्या हिशोबात पुन्हा लागणार आहे.

खरेदी एकदम पाच महिन्यांची करू नका, आणि दर आठवड्याला किराणा दुकानातून सुटीही करू नका. दोन महिन्यांचा माल तालुक्याच्या आडतीवरून आणला तर भाव बरा पडतो आणि कीड लागायच्या आत संपतो. तांदूळ जुना घ्या, तो फुगतो, पोट भरतो. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून बघा. कट्टकन फुटला तर वाळलेली आहे, दबला तर पुन्हा ऊन दाखवा. पोती जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब.

आणखी एक. कुणी म्हणेल, "रेशनचा तांदूळ स्वस्तात मिळतो, घेऊन टाकू." अजिबात घेऊ नका. रेशनचं धान्य विकणं-घेणं हा गुन्हा आहे. अन्नछत्राच्या कोठीत तसली पोती सापडली तर चांगल्या कामाला वाईट नाव लागतं.

गॅस: वजन केल्याशिवाय कळत नाही

इंधनाचा आकडा बहुतेक बजेटमध्ये नुसता ठोकून दिलेला असतो. तो मोजता येतो. टाकीच्या वरच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. धान्याच्या काट्यावर टाकी ठेवा, एकूण वजनातून ते वजा करा, म्हणजे आत किती गॅस आहे ते कळलं. स्वयंपाकाआधी आणि नंतर असं आठवडाभर लिहा.

घरगुती टाकी घरच्या स्वयंपाकासाठीच असते. अन्नछत्राला १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्यायची. ती आपण १,८०० रुपयांना धरू.

४० माणसांच्या खिचडीला साधारण अर्धा किलो गॅस जातो. भाकरीच्या दिवशी मात्र जवळजवळ किलोभर जातो. कारण सरळ आहे. खिचडी एकदा झाकली की मंद आचेवर होते, पण ४०-५० भाकरी एकामागून एक भाजायला दोन तवे सव्वा तास तरी मोठ्या आचेवर लागतात. महिन्याला साडेएकवीस किलो आणि वर दोन किलो गरम पाण्यासाठी धरले, की सव्वा टाकी. म्हणजे २,२५० रुपये.

डाळ तासभर भिजवली आणि पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं तर गॅस नक्की वाचतो. ते वाचलं की नाही, हेही काटाच सांगेल.

चुलीवर केलं तर? तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आपल्याकडे फुकट असतात खऱ्या, पण त्या तूर निघाल्यावर, कपाशी उपटल्यावर, म्हणजे जानेवारीपासून पुढे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्या नसतात. शिवाय धूर बायांच्याच डोळ्यात जातो. जानेवारीनंतर फक्त भाकरी चुलीवर आणि बाकी गॅसवर, असं करता येईल. पण बजेट गॅसचंच लिहा. तुराट्या मिळाल्या तर ती बचत.

स्वयंसेवक बाया फुकट नसतात

ग्रामसंघात ८० सभासद आहेत, रोज तिघी लागणार, मग काय अडचण? कागदावर काहीच नाही. पण त्या ८० मधल्या काही स्वतः तोडीला गेलेल्या असतात. काहींची लहान लेकरं असतात. नोव्हेंबर ते जानेवारी कापूस वेचणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी आणि हरभरा. ज्या दिवशी रानात मजुरी मिळते, त्या दिवशी चार तास अन्नछत्रात देणारी बाई अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून येते. हे तिचं दानच आहे, आणि पावती न फाडलेलं दान आहे.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, मुख्य स्वयंपाक करणारी बाई मानधनावर ठेवा. आपण रोजचे १५० धरले, महिन्याचे ४,५००. हे बजेटमधून वाचवायचा मोह होतो, पण ही बाई नसेल तर रोज नवी बाई, रोज नवा अंदाज, आणि शेवटी सगळा भार गावातल्या त्याच चौघींवर येतो. दुसरं, बाकीच्या दोन जागांसाठी पाळ्या लावा. दोन बाया, ३० दिवस, म्हणजे महिन्याला ६० पाळ्या. प्रत्येक बाईला विचारून खरंच येऊ शकणाऱ्यांची यादी करा. ती ३० निघाली तर प्रत्येकीला महिन्यात दोन पाळ्या. यादी २० च्या खाली गेली तर प्रत्येकीला तीन किंवा जास्त पाळ्या येतात, आणि मग काढणीच्या दिवसांत गाडी अडते. तसं असेल तर माणसं ४० ऐवजी २५ घेऊन सुरुवात करा.

या ६० पाळ्याही वहीत लिहा. पाळीला १५० रुपये धरले तर ९,००० रुपयांचं श्रमदान होतं. ते रोख बजेटमध्ये धरायचं नाही, पण कुणी पंचायतीत किंवा बँकेत विचारलं, "यात बायांनी काय दिलं?", तर आकडा तोंडावर असला पाहिजे.

एकूण किती?

जिन्नस १५,१५०, गॅस २,२५०, मानधन ४,५००. साबण, घासणी, माल आणायचं भाडं, खाटेवर असलेल्यांना पोचवायचे डबे यांसाठी १,१०० धरू. महिन्याचे झाले २३,००० रुपये. महिन्याला १,२०० ताटं, म्हणजे एका ताटाला साधारण १९ रुपये. पाच महिन्यांचे १,१५,०००.

हा आकडा कमी वाटेल. सरकारच्या शिवभोजन योजनेत २०२० साली ग्रामीण भागातल्या थाळीची किंमत ३५ रुपये धरली होती, त्यातले १० जेवणाऱ्याने द्यायचे आणि बाकी अनुदान. आपलं १९ मध्ये बसतं, कारण जागेचं भाडं नाही आणि दोन बाया बिनपगारी आहेत. श्रमदान धरलं तर आपलंही ताट २६-२७ रुपयांवर जातं. म्हणून "१९ रुपयांत होतं" असं भाषणात सांगताना हे पण सांगा.

पातेली, परात, तवे, शेगडी, टाकीची अनामत हा पहिल्या वेळचा खर्च वेगळा लिहा. गावाची लग्नाची भांडी मिळतात, पण तुळशीच्या लग्नानंतर तीच भांडी लग्नघरी जातात. किमान दोन मोठी पातेली आणि एक परात स्वतःची हवीच.

दान: वर्षाची बेरीज जुळते, तरी चूल विझते

आता मुख्य मुद्दा. समजा गावाने, परगावी नोकरी करणाऱ्या पोरांनी आणि दुकानदारांनी मिळून हंगामात बरोबर १,१५,००० रुपयांचं दान दिलं, धान्याची किंमत धरून. खर्चही तेवढाच. मग चिंता काय? कोणत्या महिन्यात किती आलं ते बघा:

- नोव्हेंबर: आले ३८,०००, गेले २३,०००, शिल्लक १५,०००
- डिसेंबर: आले १७,०००, शिल्लक ९,०००
- जानेवारी: आले २०,०००, शिल्लक ६,०००
- फेब्रुवारी: आले १२,०००, कमी पडले ५,०००
- मार्च: आले २८,०००, हिशोब बरोबर शून्यावर

दिवाळीला सगळ्यांचा हात सैल असतो, उद्घाटनाचा उत्साह असतो. मार्चमध्ये ज्वारी-हरभरा घरात येतो. मधला फेब्रुवारी कोरडा. आपला रोजचा खर्च ७६७ रुपये आहे, म्हणजे ५,००० कमी पडले की साडेसहा दिवस चूल बंद. पाच महिन्यांची बेरीज बरोबर असूनही फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा उपाशी जातो.

याला उपाय एकच: सुरू करण्याआधी एका महिन्याचा खर्च, २३,००० रुपये, राखीव म्हणून बाजूला. तो जमेपर्यंत नारळ फोडू नका. कमी पडलं तर त्यातून घ्यायचं आणि दान आलं की आधी तो भरायचा. हंगाम संपला की तो पुढच्या नोव्हेंबरसाठी तसाच राहतो. गटाच्या बचतीतून किंवा ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून "तात्पुरते" काढू नका. ते पैसे कर्ज फेडणाऱ्या आणि अडचणीतल्या सभासदांचे आहेत. अन्नछत्राची वही वेगळी, खातं वेगळं, आणि सहीला दोघी.

दान मोजताना आणखी दोन गोष्टी पाळा.

पहिली: दिलेला शब्द आणि आलेलं दान यांचे रकाने वेगळे ठेवा. सभेत हात वर करणारे सगळे देतातच असं नाही. पहिल्या वर्षी दहा शब्दांतले सहाच धरा, पुढच्या वर्षी तुमचीच वही खरा आकडा सांगेल.

दुसरी: जे लागतं तेच मागा. आपल्याकडे दान म्हटलं की ज्वारीचं पोतं येतं. पण ज्वारीच्या दहा पोत्यांनी गॅस येत नाही. मघाशी पाहिलं तसं, पैसे डाळ-तेलात जातात आणि तेच कुणी देत नाही. म्हणून मागणीचे भाग पाडा. "एका दिवसाची डाळ आणि तेल, २०० रुपये." "एका दिवसाचं पूर्ण जेवण, ७७० रुपये." वडिलांचं वर्षश्राद्ध, लेकराचा वाढदिवस यांची तारीख विचारून कॅलेंडरवर नाव लिहा. आणि हे करताना लोकांना आग्रहाने फेब्रुवारीच्या तारखा द्या. नोव्हेंबर आपोआप भरतो.

मूठभर धान्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. रोज एक मूठ म्हणजे महिन्याला साधारण दीड किलो. ५० घरांनी दिली तरी ७५ किलो, आपल्या तांदूळ-ज्वारीच्या निम्म्याहून जास्त. पण घरोघरचं धान्य एका पोत्यात मिसळलं की ते ना दळता येतं ना शिजवता. म्हणून "या महिन्यात फक्त ज्वारी" असं आधी सांगा. कीड लागलेली डाळ, ओलं धान्य, कार्यक्रमातलं उरलेलं शिजवलेलं अन्न हात जोडून नाकारा. म्हाताऱ्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे.

शनिवारची चार उत्तरं

दर शनिवारी दोघींनी कोठीत उभं राहून चार प्रश्नांची उत्तरं दिवसांत लिहायची. धान्य किती दिवसांचं आहे? डाळ-तेल किती दिवसांचं? गॅस किती दिवसांचा? खात्यातल्या रोख पैशाने, राखीव सोडून, किती दिवस चालेल? माल आहे तो आहेच, रोख पैसा त्यात कमी पडेल ते आणायला. डाळ नऊ दिवसांची असेल, गॅस पंधरा दिवसांचा आणि खात्यात काहीच नसेल, तर तांदूळ दोन महिन्यांचा असला तरी तुमचं अन्नछत्र नऊ दिवसांचंच आहे.

सगळ्यात लहान आकडा १५ च्या खाली आला की वाट बघायची नाही. त्याच दिवशी शब्द दिलेल्यांना फोन करायचा. भाकरीचे दिवस कमी करून खिचडीचे वाढवायचे, त्यात गॅस वाचतो. आकडा ७ वर आला तर राखीव उघडायचा, ग्रामसंघाच्या ठरावाने.

आणि राखीवही संपत आला तर? हे उत्तर नोव्हेंबरमध्येच लिहून ठेवा, फेब्रुवारीत गडबडीत नाही. ४० जणांपैकी कोण असे आहेत ज्यांना दुसरं कुणीच नाही आणि जे स्वतः चूल पेटवू शकत नाहीत? समजा असे १२ निघाले. त्यांचे डबे शेवटपर्यंत चालू राहतील, असं ठरवा. बाकीच्यांना आणि कारखान्यावरच्या त्यांच्या मुला-सुनांना दहा दिवस आधी फोन करून सांगा, म्हणजे ते शेजारी कुणाला तरी सांगू शकतील. सगळ्यांचं ताट गुपचूप अर्धं करू नका. म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, तुमच्या लक्षातही येणार नाही.

पुढच्या ग्रामसंघ बैठकीला येताना तीन कागद आणा: खरंच येऊ शकणाऱ्या बायांची यादी, तुमच्या बाजारचे भाव, आणि जेवायला येणाऱ्या माणसांची नावं, त्यातल्या एकट्या माणसांवर खूण करून. फळ्यावर आपण तुमच्या गावाचा हिशोब मांडू. आकडा ४० चा निघेल की २५ चा, ते तेव्हा ठरवू.

— तुमची क्षेत्र समन्वयक